तक्रारदाराला द्यायचं उत्तर: एक मसुदा आणि एक जुना वाद

प्रश्न: मी नगरपालिकेत नवीन लिपिक आहे. आमच्याकडून तक्रारींना जी तुटक उत्तरं जातात, ती आदराने आणि लोकांना उपयोग होईल अशी कशी लिहायची? एखादा नमुना द्याल का?

नमुना देतो, पण वरती ‘माननीय महोदय’ आणि खाली ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ चिकटवलं की काम झालं, असं समजू नका. मी पालिकेच्या आवक-जावकला बरीच वर्षं काढली आहेत. तुटक उत्तर बहुतेक वेळा उर्मटपणातून येत नाही. जागेवर कोणी गेलेलंच नसतं, मग लिहिणारा लिहिणार काय?

एका निवृत्त शिक्षकांचा अर्ज होता. शेजारच्या प्लॉटमधला गुलमोहर त्यांच्या पत्र्यावर झुकलेला, पावसाळा तोंडावर. गुलमोहराची फांदी वाऱ्यात किती पटकन मोडते हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या टेबलावरून मसुदा तयार झाला तो असा:

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर वृक्ष खाजगी मिळकतीत असल्याने या कार्यालयाकडून कार्यवाही करता येत नाही. सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. याची नोंद घ्यावी.’

यात एकही शिवी नाही. पण शिक्षकांनी हे वाचून काय करायचं? पालिकेचा संबंध नाही म्हटल्यावर माणूस कोयता घेऊन वर चढणार. आणि झाड खाजगी जागेत असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागतेच. म्हणजे आपणच त्याला गुन्ह्यात ढकलायचं!

मी उद्यान विभागाच्या निरीक्षकाला जागेवर पाठवलं. फांदीच्या बुंध्याशी चीर होती, पत्र्यापासून जेमतेम हातभर अंतर. मग मसुदा पुन्हा लिहिला:

‘शेजारच्या मिळकतीतील गुलमोहराची फांदी आपल्या पत्र्यावर झुकल्याची तक्रार आपण ३ जून रोजी दिली. आमच्या निरीक्षकांनी ६ जूनला पाहणी केली. फांदीला चीर गेली असून आपली काळजी रास्त आहे. झाड खाजगी जागेत असल्याने तूर्त छाटणी जागामालकांनी करायची आहे आणि त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. तसा अर्ज १५ जूनपर्यंत करावा असे आम्ही त्यांना आज लेखी कळवले आहे, प्रत सोबत आहे. त्यांनी अर्ज केला नाही तर पुढे काय करणार ते २० जूनपर्यंत आपल्याला कळवू. परवानगीशिवाय फांदी आपण स्वतः तोडू नये. ती अचानक कलली तर अग्निशमन केंद्राला १०१ वर कळवावे.’

त्यात ‘कृपया’ एकदाही नाही, पाहा. कोण गेलं, काय दिसलं, काम कोणाचं, कधीपर्यंत आणि तोवर काय करू नये, एवढं आहे. आदर तोच.

साहेबांनी ‘काळजी रास्त आहे’ आणि ‘२० जूनपर्यंत’ या दोन्हींवर लाल रेघ मारली. म्हणाले, “तारीख लिहिलीत की अंगाशी येतं. उद्या कोर्टात हेच पत्र दाखवतील.” पत्र गेलं ते जुन्याच चालीचं. शिक्षकांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला: पाहणी अहवाल द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत, त्यात अहवालाच्या प्रती काढा, टिपणीच्या काढा. चीर असल्याचं अहवालात लिहिलेलंच होतं, म्हणजे माहीत असूनही आपण हात झटकले हे कागदावर आलं. अंगाशी आलं ते तारीख न लिहिल्यामुळे, असं मी तेव्हाही म्हणत होतो. साहेबांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मोघम पत्र सुरक्षित असतं ही कार्यालयातली समजूत मला साफ चुकीची वाटते. मोघम पत्राला पुढचा अर्ज येतोच, आणि तो जास्त रागाचा असतो.

आता तुमच्यापुरतं. दुसऱ्या विभागाने पाळायची तारीख त्यांना न विचारता लिहू नका. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर विधी विभागाला दाखवल्याशिवाय एक ओळही वाढवू नका, तिथे साहेब बरोबर होते. जागेवर कोणी गेलं नसेल तर ‘पाहणी अमुक दिवशी करू’ एवढंच लिहा, खोटी पाहणी लिहू नका. आणि सही तुमची नाही, त्यामुळे तुमचं वाक्य खोडलं जाणारच. खोडू द्या, पण मूळ मसुदा टिपणीसोबत फाईलला लावून ठेवा. उद्या विचारणा झाली तर कोणी काय सुचवलं होतं ते फाईलवरच दिसेल.