बफरमध्ये टाकलेले आम्ल जाते कुठे?

प्रश्न: बफर द्रावणात थोडे आम्ल टाकले तरी त्याचा पीएच फारसा का बदलत नाही? ॲसिटिक आम्लाचे सोपे उदाहरण घेऊन कोणी सांगेल का?

पदवीच्या विद्यार्थ्यांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेताना मी सुरुवात एका गोष्टीपासून करतो: पीएच, म्हणजेच सामू, द्रावणात एकूण किती आम्ल आहे हे सांगत नाही, तर त्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत एवढेच सांगतो. हा फरक मनात पक्का बसला की बफरचे वागणे समजायला अवघड जात नाही.

एक लिटर द्रावणात ०.१ मोल ॲसिटिक आम्ल (६ ग्रॅम) आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट (८.२ ग्रॅम) आहे असे समजा. ॲसिटिक आम्ल सौम्य असल्यामुळे त्याचे जवळजवळ सर्व रेणू आपला हायड्रोजन सोडत नाहीत. सोडियम ॲसिटेटचे मात्र पूर्ण विघटन होऊन ॲसिटेट आयन मोकळे होतात. म्हणजे या द्रावणात हायड्रोजन आयन देऊ शकणारा एक साठा आहे आणि तो स्वीकारू शकणारा तेवढाच दुसरा साठा आहे. पीएच ठरतो तो या दोन साठ्यांच्या गुणोत्तरावरून:

pH = 4.76 + log([CH₃COO⁻]/[CH₃COOH])

येथे दोन्ही साठे समान असल्याने गुणोत्तर १, त्याचा लॉग शून्य आणि पीएच ४.७६ येतो.

आता यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिलिटर, म्हणजे ०.०१ मोल, टाकू. त्यातून आलेला हायड्रोजन आयन लगेच ॲसिटेटला भेटतो:

CH₃COO⁻ + H₃O⁺ → CH₃COOH + H₂O

ॲसिटेट ०.१० वरून ०.०९ मोलवर येते आणि ॲसिटिक आम्ल ०.११ मोल होते. गुणोत्तर सुमारे ०.८२, त्याचा लॉग उणे ०.०९, म्हणून पीएच ४.६७. हेच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात टाकले असते तर पीएच ७ वरून थेट २ वर आला असता.

मला यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच वाटतो. मोकळ्या हायड्रोजन आयनांची संहती १.७ × १०⁻⁵ वरून साधारण २.१ × १०⁻⁵ मोलर झाली, म्हणजे टाकलेल्या प्रत्येक दहा हजार आयनांपैकी जेमतेम चार मोकळे राहिले. बाकीचे नाहीसे झाले नाहीत; ते ॲसिटिक आम्लाच्या रेणूंत बांधले गेले. द्रावणातले एकूण आम्ल वाढलेच आहे, परंतु पीएचला ते दिसत नाही. अल्क टाकल्यास हीच गोष्ट उलट दिशेने घडते: ॲसिटिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन हायड्रॉक्साइडचे पाणी करते, आणि ०.०१ मोल सोडियम हायड्रॉक्साइडला पीएच ४.८५ होतो.

पुष्कळांना वाटते की नुसते ॲसिटिक आम्लही बफरसारखे वागेल, कारण त्याच्या विघटनातून थोडे ॲसिटेट तयार होतेच. ०.१ मोलर आम्लात ते केवळ ०.००१३ मोलर असते. त्यामुळे त्यात वरीलप्रमाणे ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर हा तुटपुंजा साठा पुरत नाही आणि पीएच २.९ वरून २ च्या आसपास येतो.

साठा मर्यादित असणे हीच खऱ्या बफरचीही मर्यादा आहे. आपल्या द्रावणात एकूण ०.०९ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल गेले की ॲसिटेट ०.०१ मोल उरते आणि पीएच ३.५ च्या जवळ येतो. त्यापुढे प्रत्येक मिलिलिटरला काटा अधिकाधिक वेगाने खाली जाऊ लागतो. तसे दिसले की स्वीकारणारा साठा संपत आला आहे असे समजावे. म्हणूनच हा बफर साधारण ३.८ ते ५.८ या पट्ट्यातच वापरतात.

स्वतः करून पाहणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मीटरवर ४.७६ ऐवजी ४.६५ च्या आसपास आकडा दिसला तर ती चूक नव्हे. आयनांच्या परस्पर आकर्षणामुळे प्रत्यक्ष पीएच साध्या हिशेबापेक्षा सुमारे ०.१ ने कमी येतो. पण आकडा ४.४५ च्या आसपास असेल तर सोडियम ॲसिटेटच्या बाटलीवरील लेबल वाचा. स्फटिकांत पाण्याचे तीन रेणू असलेला प्रकार असेल तर त्याचे रेणुभार ८२ नसून १३६ असते, आणि ८.२ ग्रॅममध्ये ०.१ नव्हे, ०.०६ मोलच ॲसिटेट येते. अशा वेळी १३.६ ग्रॅम घ्यावे लागते.