आईचंही मृत्युपत्र करा, तिच्या नावावर काही नसलं तरी

“आम्हाला दोन लेकरं आहेत, मोठी सात वर्षांची, धाकटा तीनचा. आम्ही दोघंही रोज एकाच गाडीवर जातो-येतो. उद्या दोघांचंही काही बरंवाईट झालं तर लेकरं माझ्या बहिणीकडे राहावीत असं वाटते. मिस्टरांच्या नावावर चार एकर आहे, बाकी शेत सासऱ्यांच्या नावावर. मिस्टर मृत्युपत्र करायला तयार आहेत. त्यात बहिणीचं नाव लिहिलं की झालं का? माझ्या नावावर तर काहीच नाही.”

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. मी वकील नाही. माझी बहीण आणि जावई अपघातात गेले, त्यांची दोन लेकरं आमच्या घरी वाढताहेत, आणि त्या निमित्ताने जे कोर्टात आणि तहसीलमध्ये शिकलो तेवढंच सांगतो. सही करायच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या दिवाणी वकिलाला मसुदा दाखवाच.

आमच्या जावयाने मृत्युपत्र केलेलं होतं. तेही साधं नाही, नोंदणीकृत. तालुक्याला दस्त लिहिणाऱ्याकडे दोघं नवरा-बायको सोबतच गेले होते. बहिणीने तिथेच विचारलं होतं की माझंही करायचं का. तो म्हणाला, “बाईच्या नावानं वावर नाही, घर नाही, मंग तिचं मृत्युपत्र काऊन कराचं?” आणि त्याने त्याच्या नेहमीच्या साच्यातलं एक पान काढून दिलं: माझ्या पश्चात माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझ्या पत्नीस मिळावी. लेकरांचं नाव कुठेच नाही, पालक हा शब्दही नाही. बायकोही राहिली नाही तर काय, याबद्दल एक ओळ नाही. जावई जागीच गेले. बहीण नागपूरला दवाखान्यात चार दिवस होती, मग तीही गेली.

त्या चार दिवसांचं कायद्यात फार वजन आहे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे, त्याचं कलम ९ वकिलाकडून समजून घ्या. बापाने मृत्युपत्रात पालक नेमला आणि बाप आधी गेला, तर आई हयात असेपर्यंत ती नेमणूक लागूच होत नाही, कारण मग आईच पालक असते. त्या आईने आपल्या मृत्युपत्रात पालक नेमला असेल तर तिचंच नाव चालते. तिने नेमलाच नसेल, तर तिच्या मृत्यूनंतर बापाने लिहिलेलं नाव पुन्हा जिवंत होते. आई आधी गेली आणि बाप नंतर, तर बापाचं मृत्युपत्र चालते. थोडक्यात, दोघांपैकी जो मागे राहतो त्याचा कागद बघितला जातो. दोघं एकाच वेळी गेले आणि आधी कोण हे सांगताच येत नसेल, तर वारसाहक्काच्या कायद्यात वयाने लहान असलेला नंतर गेला असं धरतात. आपल्याकडे बहुतेक घरात बायकोच लहान असते. ज्या बाईला “तुझं कशाला” म्हणून परत पाठवतात, लेकरं कोणाकडे जातील हे पुष्कळदा तिच्याच कागदावर ठरायचं असते.

म्हणून दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करा आणि दोन्हींत पालकाचं तेच नाव लिहा. तुमच्या मृत्युपत्रात मिळकतीचं कलम चार ओळींचं असलं तरी चालेल. दागिने, बचत गटातली ठेव, बँकेतलं खातं आणि “पुढे जे काही माझ्या नावावर येईल ते” एवढं पुरे. खरं कलम पालकाचं. आमच्या वकिलाने नंतर माझ्या आणि माझ्या बायकोच्या मृत्युपत्रात लिहिलेली वाक्यं साधारण अशी आहेत: “माझे पती माझ्या आधी किंवा माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत मयत झाल्यास माझी सर्व मिळकत माझ्या मुलांना समान हिश्श्याने मिळावी. अशा वेळी मुले सज्ञान होईपर्यंत त्यांच्या शरीराचे व मिळकतीचे पालक म्हणून मी अमुक यांची नेमणूक करते. त्या हयात नसल्यास किंवा त्यांनी नकार दिल्यास तमुक यांची नेमणूक करते.” शरीराचे आणि मिळकतीचे, हे दोन्ही शब्द हवेत. पर्यायी नाव तर हवंच. साक्षीदार दोन, आणि ते तुमच्या बहिणीच्या घरचे किंवा काही मिळणारे नकोत. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, खेड्यात नोंदणी नसलेल्या कागदावर पहिला प्रश्न सहीचाच निघतो.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सगळ्यात जास्त भोगायला लावलं ती सांगतो. तेरवी होऊन लेकरं आमच्या गावी आली. इकडे त्यांच्या काकाने सज्जाच्या कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला. अर्जात पालक म्हणून स्वतःचं नाव टाकलं. नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला. आम्हाला कळलं तेव्हा सातबारावर भाचीचं नाव, भाच्याचं नाव आणि दोघांपुढे “अ.पा.क.” लिहून काकाचं नाव आलेलं होतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याने ती नोंद म्हणजे पालक म्हणून नेमणूक नव्हे, ती महसुलाच्या सोयीची आहे. लेकरांचा सख्खा काका असला तरी मृत्युपत्राने किंवा कोर्टाने नेमल्याशिवाय त्याला त्यांच्या मिळकतीचा व्यवहार करता येत नाही, असं १९५६ च्या त्याच कायद्याचं कलम ११ सांगते. पण गावात कलम ११ कोण वाचते? सोसायटीत, बँकेत, मक्ता करणाऱ्याकडे सगळीकडे सातबारा दाखवला की काम होते. पाडव्याला वावर मक्त्याने गेलं, पैसे काकाच्या हाती आले. मी त्याला लुटारू म्हणणार नाही, त्याची स्वतःची शेती बुडीत होती. पण भाचीची फी आणि भाच्याच्या दम्याची औषधं आमच्या घरातून जात होती आणि त्यांच्याच वावराचा मक्ता त्यांच्यापर्यंत येत नव्हता, हेही तितकंच खरं.

मी त्या कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिथल्या साहेबांचं म्हणणं एकच: नोंद प्रमाणित झाली, आता आमच्या हातात नाही, कोर्टाचा आदेश आणा. लेकरं ज्याच्याकडे राहतात त्याला एक फोन करावा, शाळेचा दाखला मागावा, मृत आईचं माहेर कोणतं ते विचारावं, एवढंही कोणी केलं नव्हतं. अर्जदार समोर उभा, कागद पूर्ण, लावा शिक्का. तीन महिन्यांपूर्वी आईबाप गेलेली नऊ वर्षांची पोर सातबारावर कोणाच्या हवाली करतोय, हा प्रश्न त्या टेबलावर कोणाच्या मनातच आला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वरच्या कार्यालयात अपील करता येते, मुदत साठ दिवसांची असते. आमची ती विनंतीतच संपली.

शेवटी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज केला. लेकरं जिथे राहतात तिथल्या जिल्ह्यात तो करता येतो, हे आमच्या पथ्यावर पडलं. दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्माचे दाखले, सातबारा, आठ-अ, जवळच्या नातेवाइकांची पत्त्यांसह यादी, आणि मी पालक व्हायला तयार आहे असं दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं पत्र, हे सगळं जोडावं लागलं. काकाला नोटीस गेली, त्याने वकील दिला, तारखा पडत गेल्या. न्यायाधीशांनी भाचीला आत बोलावून तिच्याशी बोलणं केलं, कारण समजत्या लेकराचं मत विचारात घ्यायला कायदाच सांगतो. मृत आईबापाची इच्छाही कोर्ट बघते. पण आमच्याकडे त्यांच्या इच्छेचा लिहिलेला एक शब्द नव्हता. बहिणीने दवाखान्यात मला “लेकरं तुझ्याजवळ ठेव” म्हटलं होतं, ते मी सांगितलं, समोरच्या वकिलाने पुरावा विचारला. आदेश हाती येईस्तोवर कपाशीचे दोन हंगाम निघून गेले. तो आदेश दाखवल्यावर अ.पा.क. पुढचं नाव बदललं. आता कोर्टाने नेमलेला पालक म्हणून मला कोर्टाच्या परवानगीशिवाय ते शेत विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, पाच वर्षांहून जास्त मुदतीचा मक्ताही करता येत नाही. ते योग्यच आहे.

बहिणीच्या नावाचं एक पान असतं, तर तेच पान घेऊन मी वारस नोंदीच्या अर्जाला उभा राहिलो असतो. मृत्युपत्राने नेमलेल्या पालकाला आधी कोर्टातून नेमणूक आणायची गरज नसते, आणि आपल्या विदर्भात मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे प्रोबेटही लागत नाही. एखादी बँक तरीही आडवी लावेल, ते वेगळं.

तुमच्या सासऱ्यांच्या शेताचं मात्र वेगळं आहे. ते वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचं असेल, तर त्यातल्या मुलांच्या अविभक्त हिश्श्यावर तुमच्या बहिणीचा अधिकार मृत्युपत्राने येणार नाही, तो कारभार घरातल्या मोठ्या माणसाकडेच राहतो. लेकरं बहिणीकडे आणि हिस्सा सासरी, अशी विभागणी होईल. संमतीने वाटणी होत असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली आताच करून घ्या, म्हणजे मिस्टरांचा हिस्सा त्यांच्या स्वतंत्र सातबारावर येईल. सासऱ्यांना हे कसं विचारायचं ते तुम्हालाच ठाऊक. माझं मत विचाराल तर मृत्युपत्राची गोष्ट काढू नका, नुसती वाटणीची काढा.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांचं झालं. मुस्लिम कुटुंबांना आणि आदिवासी समाजाला हे कायदे असेच लागू नाहीत, तिथे वेगळा सल्ला घ्या.

विमा असेल तर वारस म्हणून लेकराचं नाव लावताना ‘अपॉइंटी’चा, म्हणजे लेकरू अज्ञान असताना त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्याचा, रकाना कोरा सोडू नका, तिथेही बहिणीचंच नाव टाका. नवीन पॉलिसी घेणार असाल तर मिस्टरांना विवाहित महिला मालमत्ता कायदा १८७४ खाली घ्यायला सांगा. तो फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो. अशी पॉलिसी बायको-मुलांच्या विश्वस्त निधीसारखी राहते, बापाच्या कर्जासाठी ती सावकाराला किंवा बँकेला सहसा धरता येत नाही. आणि ज्या लेकरांचे आईबाप गेलेत त्यांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

बहिणीला आधी विचारा, आणि तिच्या नवऱ्यालाही. दोन्ही मृत्युपत्रांच्या प्रती तिच्या घरी ठेवा, मूळ तुमच्या कपाटात. आणि तिला सांगून ठेवा की काही झालं तर पहिल्या आठवड्यातच तुमच्या गावच्या सज्जात मृत्युपत्राची प्रत देऊन पोच घ्यायची, आणि ‘आपली चावडी’ या सरकारी वेबसाइटवर गावाचं नाव टाकून फेरफाराच्या नोटिसा बघत राहायचं.