तीन महिन्यांची शुगर ६ वर आणायची का?

"ताई, तीन महिन्यांची शुगर ६.७ आली. अजून एक गोळी वाढवून ६ वर आणली, तर हार्ट अटॅकची भीती जाईल ना?"

हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो. या वेळी विचारणारे काका ६८ वर्षांचे होते. मधुमेह १४ वर्षांचा, अँजिओप्लास्टी झालेली, ग्लिमेपिराइड आणि रात्रीचं इन्सुलिन चालू.

मी रिपोर्ट बाजूला ठेवला. "काका, झोप कशी लागते?"

"पहाटे घामानं बनियन भिजतं. वयाचं असेल."

काकू म्हणाल्या, "हातही थरथरतात हो."

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ही सरासरी आहे. पहाटेचे ५५ आणि जेवणानंतरचे २४० एकमेकांना झाकतात, आणि कागदावर साजरा आकडा उमटतो. मी त्यांना आठवडाभर पहाटे ३ वाजता ग्लुकोमीटरवर शुगर बघायला सांगितली. ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. सातपैकी चार रात्री ती ७० च्या खाली होती.

आता त्यांचा मूळ प्रश्न. अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत नेमकं हेच तपासलं होतं. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले १०,२५१ मधुमेही. एका गटाचं लक्ष्य ६ च्या खाली, दुसऱ्याचं ७ ते ७.९. पहिल्या गटाचा आकडा ६.४ पर्यंत उतरलाही. पण त्या गटात २५७ माणसं दगावली, दुसऱ्यात २०३. २००८ मध्ये ते कडक उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. मृत्यू नेमके कशाने वाढले, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. शुगर धोकादायक उतरण्याचं प्रमाण मात्र कितीतरी जास्त होतं.

"मग शुगर उतरवायचीच नाही?" काकांनी घाबरून विचारलं.

तसं मुळीच नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात मधुमेह नव्यानेच निघालेल्यांचा आकडा ७.९ ऐवजी ७ राहिला, तेव्हा डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी घटले. तिथे आकड्यावर विसंबता येतं. हृदयाचं तसं नाही. २०१५ च्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीने शुगर थोडीच उतरवली, तरी हृदयविकाराचे मृत्यू स्पष्ट कमी झाले. म्हणजे फायदा त्या औषधाचा होता. नुसता आकडा उतरवून तो मिळेलच असं नाही. म्हणून नवी गोळी सुचवली की मी डॉक्टरांना एवढंच विचारायला सांगते: माझ्यासारख्या वयाच्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसांत या गोळीने अटॅक किंवा मृत्यू कमी झालेत, की फक्त शुगर?

काकांनी मनाने काही बंद केलं नाही. पहाटेच्या नोंदींची वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ग्लिमेपिराइड थांबवलं, इन्सुलिन कमी केलं. पुढचा रिपोर्ट ७.४ आला.

"वाढली की हो, ताई," काका म्हणाले.

काकू मध्येच बोलल्या, "बनियन मात्र कोरडं असतं आता."