बाबा रडत नाहीत, काळजी त्याची कर

तुझं पत्र चांगलं चार पानी आहे आणि त्यात प्रश्न सात. पण मला बोलायचंय ते तिसऱ्या पानावरच्या चार ओळींवर, ज्या तू जाता जाता लिहिल्यास:

"आई जाऊन पाच महिने झाले. बाबांना आम्ही इकडे परदेशात घेऊन आलो. रडत नाहीत, तक्रार नाही, अगदी शांत असतात. मॅच लावून दिली की बघतात, पण स्कोअर विचारला तर सांगता येत नाही. पहाटे तीनलाच जागे होतात. परवा पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं. म्हणतात, 'मी कुणाच्याच कामाचा नाही, उगाच तुमच्यावर ओझं.' माझा नवरा म्हणतो, दुःखाला वर्ष तर द्यायलाच हवं."

अगं, या चार ओळी पहिल्या पानावर हव्या होत्या! आपल्याकडे रडणाऱ्या माणसाभोवती सगळे जमतात आणि गप्प बसलेल्याला 'किती धीराने घेतलं' म्हणून शाबासकी मिळते. माझं नेहमीचं पालुपद पुन्हा ऐक: माणूस किती रडतो आणि किती महिने झाले, हे नंतर बघ. आधी तो कोणाबद्दल बोलतोय ते ऐक.

दुःखातला माणूस गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. माझी आत्या काका गेल्यावर वर्षभर रोज रडली. कपाट उघडलं की रडायची, फोनवर त्यांचं नाव निघालं की रडायची. एकदा तर जिन्यावर त्यांची चाहूल लागली म्हणाली. घरातले घाबरले, पण गेलेल्या माणसाचा क्षणभर भास होणं हे दुःखात अगदी नेहमीचं आहे. तीच आत्या मधेच काकांच्या विसराळूपणाचा किस्सा सांगून हसायची, नातवंडांना दटावायची, जेवायची. लाट यायची आणि ओसरायची. अपराधीपण होतं, तेही काकांपुरतंच: 'त्या दिवशी डॉक्टरांना लवकर बोलवायला हवं होतं.' स्वतः माणूस म्हणून टाकाऊ आहोत, असं तिला एकदाही वाटलं नाही. तिला डॉक्टरांची गरज नव्हती, बोलायला माणूस हवं होतं.

माझ्या सासऱ्यांचं उलट झालं. सासूबाई गेल्यावर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि घरभर त्यांचं कौतुक झालं. मग हळूहळू पेपर वाचणं सुटलं, बोलणं आणि चालणं दोन्ही मंदावलं. सासूबाईंचा विषय काढला तरी गाडी स्वतःवरच यायची: माझं आयुष्य फुकट गेलं, मी कशाला उरलोय. कुणी भेटायला आलं तरी चेहऱ्यावर काही उमटत नसे. ते डिप्रेशन होतं. ते ओळखलं सासूबाईंच्या बहिणीने, कारण तिने त्यांना पूर्वी रागावताना पाहिलं होतं आणि आता ते रागावतही नव्हते.

आता तुझ्या ओळी पुन्हा वाच. 'मी कुणाच्याच कामाचा नाही' या वाक्यात आई कुठे आहे?

आणि नवऱ्याच्या 'वर्षा'बद्दल. त्यांनी ते कुठेतरी वाचलं असणार, पण ते घड्याळ दुसऱ्या गोष्टीचं आहे. काही जणांचं दुःख वर्षानुवर्षं पहिल्या दिवसाइतकंच तीव्र राहतं. ओढ कमी होत नाही, मरण खरं वाटत नाही, आठवण येईल अशी प्रत्येक जागा टाळली जाते. या लांबलेल्या दुःखाचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार सहा महिन्यांआधी करत नाहीत आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२च्या निकषांनुसार मोठ्या माणसांत वर्षाआधी. त्यावर खास समुपदेशन असतं. नुसत्या गोळ्यांनी ती ओढ फारशी हलत नाही.

डिप्रेशनचं घड्याळ दोन आठवड्यांचं आहे. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही. आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, वजन, एकाग्रता, थकवा, मंदावणं, स्वतःला निरुपयोगी समजणं, मरणाचे विचार यांतली काही, मिळून किमान पाच लक्षणं. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर पूर्वी दोन महिने हे निदान टाळायचे. अमेरिकन निकषांतून ती सूट २०१३ साली काढली, कारण दुःख आणि डिप्रेशन एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. पाच महिने झालेत म्हणून दुःखच असणार, असं म्हणता येत नाही. मी इथून निदान करत नाही. पण मॅच, पहाटेचे तीन, पट्टा आणि ते वाक्य, एवढं डॉक्टरांकडे जायला पुरेसं आहे.

त्याआधी, आजच, बाबांना एकटं गाठून सरळ विचार: "बाबा, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'तिच्याकडे जावंसं वाटतं' असं दुःखातलं माणूसही म्हणतं, म्हणून तिथे थांबू नकोस. कसं, कधी, असं काही ठरवलंय का, गोळ्या साठवल्यात का, हे विचार. उत्तर 'हो' असेल, किंवा खाणंपिणंच थांबलं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्यायचं.

नाहीतर या आठवड्यात फॅमिली डॉक्टर. दहा मिनिटांत सगळं आठवत नाही, म्हणून झोप, वजन आणि बाबांची वाक्यं जशीच्या तशी कागदावर लिहून ने. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांग, त्यांच्या चालू गोळ्यांची यादी दाखव. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच दिसू शकतो. आणि भाषांतर तू करू नकोस! अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा माग, बऱ्याच ठिकाणी मिळतो. लेकीच्या तोंडून डॉक्टरांना 'मला मरावंसं वाटतं' सांगणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. सासऱ्यांच्या वेळी मुलगा बाहेर बसला, तेव्हा कुठे ते बोलले.

तुझा भाऊ म्हणतो, डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते. दारूसारखी चटक या गोळ्यांची लागत नाही, पण मनाने बंद करायच्या नसतात, हळूहळू कमी करतात. गुण यायला काही आठवडे जातात आणि वयस्क माणसांत कधीकधी रक्तातलं सोडियम उतरतं. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर बाबा गोंधळलेले वाटले, तोल जायला लागला, तर डॉक्टरांना लगेच कळव. आणि आजार फार तीव्र नसेल तर नुसत्या समुपदेशनानेही भागतं. ते बाबांच्या भाषेत व्हिडिओवर मिळालं तर उत्तम.

उरलेले प्रश्न. तिकडचं घर विकायचं का, बाबांना कायमचं इथे ठेवायचं का: आत्ता काहीच ठरवू नका, बरे झाल्यावर त्यांनाच विचारा. आईच्या साड्या कपाटात राहू देत, त्यांना कसली घाई आहे? शेवटच्या क्षणी तू विमानात होतीस याची टोचणी तुला आहे, आणि ती आपल्यातल्या बहुतेकांना आहे. तुझ्या पत्रात आई प्रत्येक पानावर आहे, त्यामुळे तुझी मला तितकीशी काळजी वाटत नाही. व्हिसाचं मला विचारू नकोस, ते वकिलाला विचार.