लेखी माफी मागितली तर अडकू का?

प्रश्न: आमचा सुक्या मेव्याचा ऑनलाइन धंदा आहे. दिवाळीत ईमेलवर 'शुभ दीपावली' असं आपोआप जाणारं उत्तर लावलं होतं. काही ग्राहकांनीही 'मी सुट्टीवर आहे' असं उत्तर लावलेलं. रात्रभर दोन्ही एकमेकांना उत्तरं देत बसली आणि एकेकाला तीनशे-चारशे शुभेच्छा गेल्या. एक ग्राहक माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावतो म्हणतोय. माफीचं पत्र पाठवायचंय, पण भाऊ म्हणतो, लेखी माफी म्हणजे लेखी कबुली.

उत्तर: भावाचं अर्धं बरोबर आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे तुमचं लेखी विधान कबुली म्हणून पुढे येऊ शकतं. पण कलम २५ सांगतं की कबुली हा निर्णायक पुरावा नव्हे. आणि मुळात तुम्ही कबूल काय करणार? मेल गेले, एवढंच. ते तर ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये तारीखवेळेसकट पडलेत.

जपायचं पुढच्या वाक्याला. 'आमच्या निष्काळजीपणामुळे तुमचं नुकसान झालं' असं लिहू नका. निष्काळजीपणा झाला का आणि नुकसान झालं का, हे ग्राहकानं सिद्ध करायचं. तुम्ही ते ताटात वाढून देऊ नका. मी असं लिहीन:

'काल रात्री आमच्या यंत्रणेतून तुम्हाला एकच शुभेच्छा-संदेश पुन्हापुन्हा आला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ही सेवा आज सकाळी बंद केली आहे. जादा आलेले मेल काढून टाकायला हरकत नाही. काही अडचण आली असल्यास या क्रमांकावर फोन करा.'

बस. 'पुन्हा असं कधीच होणार नाही' हे वचन नको, सवलतीचं कूपनही नको. माफीतून जाहिरात केल्यासारखं दिसतं. हे पत्र आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाऊ नये म्हणून वर 'हक्कांना बाधा न येता' असा शिक्का मारायची हौस काहींना असते. पण साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१चं संरक्षण, कबुली पुराव्यात आणायची नाही अशी स्पष्ट अट असेल किंवा दोन्ही बाजूंचं तसं ठरलं होतं असं परिस्थितीवरून दिसेल, तेव्हाचं आहे. शेकडो ग्राहकांना एकतर्फी धाडलेल्या पत्रावर तो शिक्का शोभेचाच.

६६अची धमकी सोडून द्या. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजीच श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते, पण तिथे सेवेतली त्रुटी दाखवावी लागते आणि भरपाईसाठी नुकसानही. मेलबॉक्स भरून कुणाचा महत्त्वाचा मेल परत गेला असेल, तर त्या ग्राहकाशी वेगळं बोला. सामायिक पत्रात तो विषय आणू नका.

पत्र पाठवताना सगळे पत्ते 'To'मध्ये टाकू नका, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला कळेल आणि खरी तक्रार तिथे जन्माला येईल. प्रत्येकाला स्वतंत्र मेल जाऊ द्या. आणि आधी ते आपोआप उत्तर बंद आहे ना, हे स्वतः एक मेल टाकून बघा. नाहीतर सुट्टीवरचे ग्राहक माफीला उत्तर देतील आणि तुमच्याकडून पुन्हा 'शुभ दीपावली' सुरू होईल.