निकालाच्या गुरुवारी, पाच-सहा ग्रेड आणलेल्या मुलाच्या आईबाबांना

इंग्लंडमध्ये जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेचा, निकाल ऑगस्टमधल्या गुरुवारी सकाळी लागतो, आणि साडेनऊ-दहापर्यंत मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवांची आणि आठांची रांग लागते. तुमच्या घरात त्या वेळी जो कागद उघडला गेला, त्यावर इंग्रजीत 5, साहित्यात 5, गणितात 6, कम्बाइन्ड सायन्समध्ये 5-5, भूगोलात 6, इतिहासात 5, कॉम्प्युटर सायन्समध्ये 4 आणि स्पॅनिशमध्ये 4 असे आकडे आहेत, असं धरून हे लिहितो आहोत. मूल खोलीत गेलं आहे, दार लोटलेलं आहे, आणि तुम्हाला काय बोलावं ते सुचत नाही.

आधी हा कागद नीट वाचूया, कारण भारतात शिकलेले आईबाबा तो हमखास चुकीचा वाचतात. 9 पैकी 5 म्हणजे पंचावन्न टक्के नव्हे. ग्रेड म्हणजे गुण नाहीत, त्या पायऱ्या आहेत. 4 म्हणजे उत्तीर्ण, 5 म्हणजे भक्कम उत्तीर्ण, आणि 7 म्हणजे पूर्वीच्या ‘ए’ची सुरुवात. देशभरात 7 किंवा त्याहून वरच्या ग्रेड साधारण पाचातल्या एकाच निकालाला मिळतात, आणि जवळपास तिसरा हिस्सा निकाल 4 च्याही खाली राहतो. ग्रुपवर ते दिसत नाहीत, कारण ते कोणी टाकत नाही. तुमचं मूल सगळ्या विषयांत उत्तीर्ण झालं आहे. गणित आणि इंग्रजी दोन्हींत 4 च्या वर आहे, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसण्याची सक्ती नाही. या वयात एवढी एक गोष्ट हातात असणं खरोखर मोठं आहे. ज्यांचं इंग्रजी किंवा गणित 3 वर अडकतं, त्यांना पुढचा कोर्स करता करता तो विषय पुन्हा द्यावा लागतो.

आता खरी अडचण. ए-लेव्हलला, म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, गणित, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं, मग इंजिनिअरिंग, असं घरात दोन वर्षांपासून ठरलं होतं. ए-लेव्हल शिकवणारा सिक्स्थ फॉर्म मात्र गणितासाठी बऱ्याच ठिकाणी 7 मागतो आणि फिजिक्ससाठी सायन्समध्ये 6-6. काही ठिकाणी 6 वरही गणिताला घेतात. तशी जागा शोधून मुलाला तिथे बसवावं, हा मोह आजच्या दिवशी सगळ्यात जोरात होतो.

शाळा 7 का मागते ते पाहा. हायर टिअरचे, म्हणजे वरच्या पातळीचे, गणिताचे तीन पेपर मिळून 240 गुणांचे असतात, आणि 6 ही ग्रेड निम्म्याहून कमी गुणांतही मिळू शकते. म्हणजे 6 मिळवणाऱ्या मुलाच्या हातून अवघड बीजगणित, अल्जेब्रिक फ्रॅक्शन्स, क्वाड्रॅटिक्स, सर्ड्स हा भाग बऱ्याचदा सुटलेला असतो. ए-लेव्हलचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो आणि मागचं शिकवायला कोणी थांबत नाही. सप्टेंबरात मूल ‘समजतंय’ म्हणतं, पहिल्या चाचणीत गुण कोसळतात, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत विषय बदलण्याची मुदत बहुतेक शाळांत उलटून गेलेली असते. मग ते दोन वर्षं ओढत नेतं. हे आळसामुळे होत नाही. कच्च्या पायावर मजला चढवला म्हणून होतं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण पैशाच्या बाबतीत वापरतो. आज ती विषयांच्या बाबतीत वापरा. तुमच्या मुलाचं अंथरूण लहान नाही. फक्त ते तुम्ही आखलेल्या आकाराचं नाही. भूगोलात आणि गणितात 6 आहेत. भूगोल, बिझनेस आणि आणखी एक विषय ए-लेव्हलला घेऊन सोबत कोअर मॅथ्स करता येतं. ते 4 किंवा 5 वरही मिळतं, व्यवहारातलं गणित चालू राहतं, आणि विद्यापीठ-प्रवेशात मोजले जाणारे यूकासचे गुण एएस-लेव्हलइतके धरले जातात. यंत्रांचीच ओढ असेल तर इंजिनिअरिंगची टी-लेव्हल पाहा. दोन वर्षांचा कोर्स, तीन ए-लेव्हलच्या तोडीचा, आणि त्यात किमान 315 तास प्रत्यक्ष कारखान्यात किंवा कंपनीत काढायचे असतात. बरीच विद्यापीठं इंजिनिअरिंगसाठी ए-लेव्हल गणितच मागतात, तेव्हा आवडीच्या दोन-तीन विद्यापीठांच्या प्रवेश-अटी कोर्स निवडण्याआधी वाचा. आणि मेडिसिनचं स्वप्न मनात असेल तर खरं सांगायला हवं: या कागदावर ते फार अवघड आहे, आणि मुलाला ते बहुधा आधीच ठाऊक आहे.

फेरतपासणीचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. ती शाळेमार्फतच होते, मुलाची लेखी संमती लागते, कारण ग्रेड खालीही येऊ शकते. परीक्षा मंडळं ग्रेडच्या सीमा त्याच दिवशी जाहीर करतात आणि मुलाला किती गुण पडले ते शाळेला दिसतं. 7 च्या सीमेला दोन-तीन गुण कमी असतील आणि त्या 7 वर प्रवेश अडलेला असेल, तरच अर्ज करावा. पंधरा गुणांचं अंतर फेरतपासणीने भरून निघत नाही. शक्य असेल तर आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा आणि विषयशिक्षकाला दाखवा. फी प्रत्येक पेपरची असते आणि ग्रेड बदलली तर परत मिळते.

आज दुपारपर्यंत करायचं काम एकच आहे: मूल खोलीबाहेर आलं, त्याने खाल्लं, की त्याच्यासोबत सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांना भेटा किंवा फोन करा. बोलू द्या त्यालाच. प्रश्न असा विचारायला सांगा: ‘माझ्या ग्रेड्सवर तुमच्याकडे कोणते तीन विषय मिळतील?’ दुसरं कॉलेज पाहायचं असेल तर तिथेही आजच फोन करा. जागा पुढच्या काही दिवसांत भराभर भरतात.

आणि खोलीच्या दाराशी काय बोलावं? ‘बाळा, काही हरकत नाही’ म्हणू नका. त्याला हरकत आहे. ‘तुला जे हवं होतं ते मिळालं नाही, मला ठाऊक आहे. भूगोलाचे 6 मी पाहिले,’ एवढं पुरे. ‘आम्ही तुझ्यासाठी इथे आलो’ हे वाक्य आज पोटात ठेवा.

संध्याकाळी पुण्याहून फोन येईलच. आजी ‘किती टक्के पडले?’ विचारणार, आणि ‘पाच’ ऐकून घाबरणार. त्याआधी मुलाला विचारा, काय सांगू? मग आजीला सांगा: ‘इथे टक्के नसतात गं आई. सगळ्या विषयांत पास झाला, भूगोलात आणि गणितात चांगले आहेत. पुढच्या आठवड्यात विषय ठरवतोय. तो स्वतःच बोलेल तुझ्याशी, आज नाही, रविवारी.’