संभाजीनगरहून पुण्यात: ओळखीच्यांकडे नोकरीसाठी शब्द कसा टाकायचा

*"वाळूजला डाय-कास्टिंगच्या कंपनीत आठ वर्षं क्वालिटीत काढली. मिस्टरांची बदली झाली म्हणून राजीनामा देऊन दोन महिन्यांपूर्वी पुण्यात, वाघोलीला आले. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर 'पुण्यात सूटेबल ओपनिंग असेल तर कळवा' असं सीव्हीसकट टाकलं. चाळीस अंगठे आले, तिघं 'बघतो' म्हणाले, पुढे काही नाही. लोकांना नेमकं काय विचारायचं?"*

ताई, 'सूटेबल' कशाला म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, इथेच तो मेसेज अडकला. तुमचा जुना सहकारी आता रांजणगावला प्रॉडक्शनमध्ये असेल, तर त्याच्या कानावर 'क्वालिटीत माणूस हवाय' एवढंच येतं. त्या जागेला तुम्ही चालाल की नाही, हे ताडायला त्याला तुमचा तीन पानी सीव्ही उघडावा लागेल. कॅन्टीनच्या रांगेत उभं राहून कोणी तो उघडत नाही. अंगठा देतो आणि पुढे जातो.

मी स्वतः २००९ मध्ये नाशिकहून सातपूरची नोकरी सोडून आलो तेव्हा हेच केलं होतं, फक्त व्हॉट्सॲपऐवजी ईमेलवर. साठेक लोकांना एकच मेल. दोन महिने शुकशुकाट. शेवटी नोकरीचा पत्ता लागला तो आमच्याकडे वर्षातून एकदा गेज कॅलिब्रेट करायला येणाऱ्या माणसाकडून. त्याला मी मेल पाठवलाच नव्हता, दुसऱ्या कामासाठी फोन केला होता.

तेव्हा मला तो नशिबाचा भाग वाटला होता, पण तसं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ साली त्यानं निष्कर्ष छापले. आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले जेमतेम १७ टक्के निघाले, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून कळलेले २८ टक्के. जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्यालाही माहीत असतं. वाळूजच्या ग्रुपला वाळूजच्या जागा माहीत असणार.

त्यामुळे आधी कोणाला विचारायचं ते बघू, मजकूर नंतर.

सगळ्यात वर तुमची जुनी कंपनीच ठेवा. तिचा माल पुण्याकडे येतो का? येत असेल तर गिऱ्हाइकाच्या प्लांटवर रेसिडेंट इंजिनिअर आहे का, हे जुन्या साहेबांना सरळ विचारा. लाइनवर आपला पार्ट अडला की तिथल्या तिथे बघणारा, सॉर्टिंग करून घेणारा माणूस पुरवठादाराला लागतो आणि तो पुण्यात राहणाराच बरा पडतो. तुम्ही राजीनामा दिलात तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नसेल. जुनी कंपनी नाही म्हणाली, तरी तुमच्याकडे माल टाकणारे किंवा तुमच्यासारखाच माल करणारे दुसरे पुरवठादार आहेतच. त्यांनाही चाकण-रांजणगावला असा माणूस लागू शकतो.

दुसरे म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारे. तुमच्याकडे ऑडिटला यायचे ते गिऱ्हाइकाचे सप्लायर क्वालिटीवाले. तुम्ही पीपीएपीची फाईल कशी लावता, तक्रार आली की आठवड्यात एट-डी देता की महिनाभर टोलवता, हे त्यांनी पाहिलंय. सीव्ही न उघडता तुमच्याबद्दल बोलू शकतील असे हेच. मात्र एक बघून घ्या. काही ठिकाणी गिऱ्हाईक आणि पुरवठादार यांच्यात एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असा करार असतो. तुम्ही कंपनी सोडलेली असली तरी ठरावीक महिने तो लागू असू शकतो. म्हणून त्यांच्याकडे त्यांच्याच कंपनीतली जागा मागू नका. "तुम्ही ज्यांच्याकडे ऑडिटला जाता त्यांपैकी कोणाला माणूस हवाय का?" असं विचारा. हे विचारायला सोपं आणि सांगायलाही सोपं.

तिसरे गावभर फिरणारे: कॅलिब्रेशन लॅबवाले, सीएमएमचे सर्व्हिस इंजिनिअर, डाय बनवणारे टूलरूमवाले, लीक टेस्टिंगची मशीन विकणारे. आठवड्यात चार प्लांट बघतात आणि कुठे कोण सोडून गेलं ते एचआरच्या आधी त्यांना कळतं. आयएटीएफच्या ऑडिटरला मात्र या यादीत धरू नका. गिऱ्हाइकाच्या आतल्या गोष्टी बाहेर न सांगण्याचं बंधन त्याच्यावर असतं, विचारून त्याला अवघडायला नको.

आता मजकूर. आठ वर्षांत तुम्ही क्वालिटीतली सगळी कामं केली असतील, तरी मेसेजमध्ये दोनच पदं लिहा. प्लांट क्वालिटी, कस्टमर क्वालिटी आणि सप्लायर क्वालिटी यांना बाहेरचे लोक एकच समजतात. आत बसलेल्याला मात्र माहीत असतं की पहिल्यात शिफ्ट आहे, दुसऱ्यात गिऱ्हाइकाची बोलणी खाणं आहे आणि तिसऱ्यात आठवड्यातून तीन दिवस वेंडरकडे फिरणं आहे. 'काहीही चालेल' लिहिलंत की तिघांपैकी कोणालाच तुम्ही आठवत नाही.

समजा तुम्हाला सप्लायर क्वालिटी आधी आणि कस्टमर क्वालिटी नंतर असं हवंय. आकडे मी मनाचे घातलेत, तुमचे टाका. मी असा लिहीन:

> नमस्कार. मिस्टरांच्या बदलीमुळे मी पुण्यात कायमची आले आहे, वाघोलीला राहते. आधीच्या कंपनीतून रीतसर रिलीव्ह झाले आहे, १५ दिवसांत जॉइन होऊ शकते.
> शोधते आहे: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर / सीनिअर इंजिनिअर. कस्टमर क्वालिटीही चालेल. जनरल शिफ्ट.
> अनुभव ८ वर्षं: ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग आणि मशीनिंग. पीपीएपी लेव्हल ३ स्वतः तयार करून मंजूर करून घेतले, शेवटची ३ वर्षं ६ वेंडर सांभाळले. एका हाऊसिंगचं लीक टेस्टमधलं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आणलं.
> भाग: सणसवाडी, शिकरापूर, रांजणगाव. कंपनीची बस असेल तर चाकण.
> एक मदत हवी आहे: या भागात कास्टिंग विकत घेणाऱ्या कंपनीतले क्वालिटी किंवा सोर्सिंगचे कोणी ओळखीचे असतील तर त्यांच्याशी एकदा बोलणं करून द्याल का? जागा नसली तरी चालेल, १० मिनिटं बोलायचं आहे.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. 'कायमची' हा शब्द ठेवाच. नवऱ्याच्या बदलीमुळे आलेल्या बाईबद्दल मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो की पुन्हा बदली झाली तर? तो विचारत नाही आणि फोनही करत नाही. १५ दिवस लिहिण्याचं कारण असं की सध्या नोकरीत असलेल्यांचा नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असतो, म्हणजे इथे तुमचं नोकरीत नसणं उपयोगी पडतं. भागाची नावं लिहिली की नगर रोडला कामाला जाणारा माणूस ती वाचताना थांबतो. 'पुणे' वाचून थांबत नाही. वाघोलीहून तळेगाव किंवा पिरंगुट रोज करणं म्हणजे शहर ओलांडणं आहे, ते लिहूच नका. आणि रिजेक्शनच्या आकड्यामागची गोष्ट तयार ठेवा. हा धंदा जाणणारा पहिल्याच फोनवर विचारेल की पोरोसिटी गेटिंग बदलून गेली की फक्त इम्प्रेग्नेशन करून झाकली. नुसती झाकली असेल तर ते वाक्य काढून टाका. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंग, फाईलची पानं हे काहीही सोबत जोडू नका. ते तर दाखवायचं नसतंच, शिवाय नवा मालक मनात म्हणतो की उद्या आमचंही असंच बाहेर जाईल.

हा मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही. वरच्या तीन गटांतली वीसेक नावं काढा आणि दिवसाला चार-पाच जणांना एकेकट्याला पाठवा. पहिली ओळ प्रत्येकाची वेगळी: "सर, मागच्या ऑडिटला तुम्ही आमच्या गेजच्या आर अँड आरवरून मला धारेवर धरलं होतं, ती मी." शेवटची 'मदत हवी आहे' ही ओळही माणूस बघून बदला. कॅलिब्रेशनवाल्याला सोर्सिंगची ओळख मागण्यात अर्थ नाही, त्याला विचारा की गेल्या दोन महिन्यांत कुठल्या प्लांटमध्ये क्वालिटीतलं कोणी सोडून गेलं. सीव्ही पहिल्या मेसेजला जोडू नका, मागितला की द्या. मजकूर मात्र असा हवा की समोरच्याला तो जसाच्या तसा पुढे ढकलता यावा. बहुतेकांना इंग्रजीतून पाठवायला लागेल, तेव्हा तोही तयार ठेवा. लिंक्डइन आणि नोकरीच्या पोर्टलवरचं गाव बदललंत का तेही बघा. अजून औरंगाबादच असेल तर पुण्यातली एचआर शोधताना तुम्ही यादीत येतच नाही.

काम होतंय की नाही हे उत्तरावरून कळतं. 'सीव्ही पाठव, बघतो' हा सभ्य नकार आहे. "शीट मेटलचे वेंडर जमतील का?" असा उलटा प्रश्न आला तर त्या माणसाच्या डोळ्यासमोर खरी जागा आहे, त्याच दिवशी फोन करा. वीस जणांत एकही प्रश्न आला नाही तर लोक वाईट नाहीत, पदं किंवा भाग चुकलाय. तो बदलून पुढचे वीस.

आणि एक वही करा: कोणी, कुठल्या कंपनीत, कोणत्या तारखेला सीव्ही दिला. माझ्या बायकोच्या वेळी ही वही नव्हती. एका मोठ्या कंपनीत मित्रानं तिचं नाव रेफरलमध्ये टाकलं, तर सिस्टिमनं परत केलं, कारण तीन आठवड्यांपूर्वी एका कन्सल्टंटनं आम्हाला न विचारता तोच सीव्ही तिथे भरला होता. बऱ्याच कंपन्यांत जो आधी भरेल त्याच्या नावावर उमेदवार जातो आणि काही महिने तसाच राहतो. कन्सल्टंटची फी द्यायची वेळ येईल म्हणून तिथल्या एचआरनं फाईल बाजूला ठेवली, असं मित्राला नंतर कळलं. म्हणून कन्सल्टंटला लेखी कळवा की कंपनीचं नाव सांगून माझा होकार घेतल्याशिवाय सीव्ही पाठवायचा नाही. आणि ओळखीचा माणूस आत असेल तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः अर्ज करण्याआधी त्याला विचारा.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही काहीतरी नवं सांगून: "सणसवाडीला एके ठिकाणी बोलणं झालं, पण तिथे शिफ्ट आहे. जनरलचं काही कानावर आलं का?" ज्यानं ओळख करून दिली त्याला त्या बोलण्याचं काय झालं ते त्याच संध्याकाळी कळवा, नाही झालं तरी. दुसरी ओळख त्याच्याकडूनच येते.

फोनच्या वेळा सांभाळा. सकाळी दहापर्यंत क्वालिटीवाले कालच्या रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये असतात, महिन्याचे शेवटचे तीन दिवस डिस्पॅचच्या मागे. भोसरी-पिंपरीकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, तिथे त्या दिवशी फोन करू नका. दुपारी चारनंतर, महिन्याच्या पाच ते वीस तारखेत फोन केलात तर माणूस दोन मिनिटं तरी नीट ऐकतो.